पासवर्ड बदला, पण त्या बारीक भोकाला हात लावू नका

*नमस्कार बाई, माझा मुलगा सातवीत आहे. दुपारी चार ते सहा त्याचा ऑनलाइन क्लास असतो. गेल्या आठवड्यात त्याच्या बाईंनी पालकांच्या ग्रुपवर चिठ्ठी टाकली: 'क्लासमध्ये नेट अडकत असेल तर घरच्या वाय-फायचा पासवर्ड तपासा आणि बदला.' एवढंच. आमचं नेट इमारतीतल्या केबलवाल्याचं आहे. पासवर्ड त्यानेच दोन वर्षांपूर्वी टाकून दिला, आता तो घरात कुणालाच आठवत नाही. फोन आपोआप जोडले जातात. सासूबाईंनी तो शेजारच्या काकूंनाही दिला होता. मिस्टर रात्री आठनंतर येतात. मी हात लावला आणि नेटच बंद पडलं तर? आणि काकूंना काय सांगू?*
*– एक आई, डोंबिवली*

ताई, भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही, हे आधी सांगते. राउटरच्या मागच्या बाजूला टाचणी जाईल एवढं एक भोक असतं, त्याच्या शेजारी RESET लिहिलेलं असतं. काही राउटरवर भोकाऐवजी छोटं बटण असतं. त्याला हात लावायचा नाही, बाकी काहीही बिघडलं तरी सुधारता येतं. केबलवाल्याचं नेट चालण्यासाठी राउटरच्या आत त्याने तुमच्या नावाचं एक खातं भरून ठेवलेलं असतं, एक युजरनेम आणि एक पासवर्ड. राउटरच्या सेटिंगच्या पानावर त्याला PPPoE म्हणतात. रिसेट दाबलं की वाय-फायच्या पासवर्डाबरोबर तेही पुसलं जातं. मग राउटरचे दिवे लागतात, फोनवर वाय-फायचं नाव दिसतं, फोन जोडलाही जातो, पण नेट येत नाही. माझ्याच घरी हे झालं आहे. पासवर्ड आठवेना म्हणून मी टाचणी घातली आणि शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी दुपारपर्यंत घर नेटविना राहिलं, कारण रविवारी ऑपरेटरकडे फोन उचलायला कुणी नव्हतं. म्हणून हे काम रात्री मिस्टर आल्यावर करू नका. ज्या वेळी केबलवाला फोन उचलतो अशी वेळ निवडा, म्हणजे कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, मुलाच्या क्लासला चार-पाच तास बाकी असताना. क्लास चालू असताना तर नकोच, कारण पासवर्ड बदलल्या क्षणी घरातलं प्रत्येक यंत्र वाय-फायवरून सुटतं.

बाईंच्या चिठ्ठीत 'पासवर्ड' एवढाच शब्द आहे आणि तिथेच पालकांचा गोंधळ होतो. मीही शिकवते, म्हणून हे मनापासून सांगते, अशी चिठ्ठी लिहिताना आम्ही कोणता पासवर्ड ते लिहायला हवं. क्लासच्या लिंकबरोबर जो आकडा येतो तो त्या मीटिंगचा पासकोड, तो बाई ठरवतात. शाळेच्या अ‍ॅपचा पासवर्ड वेगळा. वाय-फायचा पासवर्ड फक्त तुमच्या घराचा, तो शाळेला कधीच लागत नाही. कुणी क्लासच्या ग्रुपवर तो विचारला, किंवा राउटरखालच्या स्टिकरचा फोटो मागितला, तर द्यायचा नाही. अनोळखी कुणी क्लासमध्ये घुसलं, तर त्याचा तुमच्या वाय-फायशी काही संबंध नसतो. तिथे बाईंनीच मीटिंगचा पासकोड बदलायला हवा.

आता आठवत नसलेला पासवर्ड. तो तुमच्या फोनमध्येच आहे, म्हणून तर फोन आपोआप जोडला जातो. अँड्रॉइड 10 किंवा त्यापुढचा फोन असेल तर Settings मध्ये वाय-फायच्या पानावर जा, जोडलेल्या नावाशेजारच्या दात्यांच्या चाकावर किंवा त्या नावावरच बोट ठेवा. तिथे Share किंवा QR code असं काहीतरी दिसेल. फोन तुमचं बोट किंवा पिन मागेल आणि मग चौकोनी कोड दाखवेल. बऱ्याच फोनमध्ये त्या कोडखालीच पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. नसला तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढा आणि घरातल्या दुसऱ्या फोनच्या कोड वाचणाऱ्या कॅमेऱ्याने किंवा लेन्सने वाचा. काही फोन तो मजकूर दाखवण्याऐवजी सरळ वाय-फायला जोडून टाकतात. मजकूर दिसला तर तो असा असतो:

```
WIFI:T:WPA;S:Ghar-Net;P:abcd1234;;
```

S: नंतर वाय-फायचं नाव आणि P: नंतर पासवर्ड. काम झालं की स्क्रीनशॉट पुसून टाका, कारण तो फोटो म्हणजे घराची किल्लीच. आयफोनमध्ये iOS 16 पासून वाय-फायच्या पानावर नावाशेजारच्या i ला स्पर्श केला की Password ची ओळ दिसते. घरात विंडोजचा लॅपटॉप असेल आणि तो या वाय-फायला जोडलेला असेल, तर Command Prompt उघडून हे लिहा, अवतरणातल्या नावाच्या जागी तुमच्या वाय-फायचं नाव घालून:

```
netsh wlan show profile name="Ghar-Net" key=clear
```

खाली Key Content समोर पासवर्ड दिसतो. जुना पासवर्ड बघायचा तो एवढ्यासाठी, की त्यात इमारतीचं नाव, आडनाव, मोबाइल नंबर किंवा 12345678 असलं काही असेल तर तो ओळखून काढायला कुणाला कष्ट पडणार नाहीत. केबलवाले घाईत हेच टाकून जातात. शिवाय एकाच इमारतीत दहा घरांत तोच पासवर्ड ठेवण्याची सवयही काहींना असते.

बदलण्याआधी दहा मिनिटं मोजणीला द्या. खरंच बाहेरचं कुणी जोडलेलं आहे का, हे राउटर सांगतो. त्यासाठी राउटरचं पान उघडावं लागेल आणि पुढे पासवर्डही तिथूनच बदलायचा आहे. त्या पानाचा पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुतेक 192.168.0.1 किंवा 192.168.1.1. स्टिकर पुसलं गेलं असेल तर फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात Gateway किंवा Router च्या समोर तोच आकडा दिसतो. लॅपटॉपवर Command Prompt मध्ये ipconfig लिहिलं की Default Gateway समोर दिसतो. फोनवरून करणार असाल तर आधी मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर कधीकधी फोन राउटरकडे जाण्याऐवजी सिमच्या नेटवरून बाहेरच शोधत बसतो. हा आकडा ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या पट्टीत लिहायचा, गुगलच्या शोधात नाही. ब्राउझर Not secure म्हणेल, कधी लाल इशाराही देईल. आकडा स्टिकरवरचा किंवा Gateway चाच असेल तर पुढे जायला हरकत नाही, कारण हे पान घरातल्याच राउटरमध्ये असतं आणि त्याला बाहेरच्या संकेतस्थळांसारखं प्रमाणपत्र सहसा नसतं. पण हाच इशारा बँकेच्या पानावर आला तर तिथून लगेच बाहेर पडा.

इथे युजरनेम आणि पासवर्ड मागतात. वाय-फायचा पासवर्ड इथे चालत नाही. हा राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड, म्हणजे दुसरं कुलूप. तो स्टिकरवर लिहिलेला असतो. जुन्या राउटरांवर बहुधा दोन्ही ठिकाणी admin असतं. तो चालला नाही तर केबलवाल्याने बदललेला आहे असं समजा. चार-पाचदा चुकीचा घातला की काही राउटर थोडा वेळ दार बंद करतात, म्हणून अंदाज मारत बसू नका. सरळ फोन करून विचारा, "राउटरमध्ये लॉगिन करायचा पासवर्ड द्या, मला वाय-फायचा पासवर्ड बदलायचा आहे." तो देत नसेल तर त्यालाच बदलून द्यायला सांगा, अनेकांना ऑफिसमधून बदलता येतो. मोठ्या कंपन्यांच्या कनेक्शनला बहुधा त्यांच्या मोबाइल अ‍ॅपमधूनच वाय-फायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, तिथे या पानापर्यंत जावंही लागत नाही. तुमचं केबलवाल्याचं आहे, म्हणून हा रस्ता.

आत गेल्यावर Connected Devices, Clients किंवा DHCP Client List अशा नावाची यादी शोधा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने गेल्या पावसाळ्यात हीच मोजणी फोनवर माझ्याशी बोलत बोलत केली. यादीत अकरा यंत्रं होती. घरातली मोजली तर तीन फोन, मुलाचा टॅब, वडिलांचा लॅपटॉप, टीव्ही आणि प्रिंटर, म्हणजे सात. चार उरली. ती लगेच म्हणाली, कुणीतरी चोरून वापरतंय. शांतपणे शोधल्यावर कळलं की एक होता कपाटातला जुना फोन, चार्जरला लावून विसरलेला. दोन होते वरच्या मजल्यावरच्या भावजयीकडचे, गणपतीत पाहुणे आले तेव्हा पासवर्ड दिलेला होता. चौथं यंत्र मात्र ओळखू आलं नाही. या यादीत दोन फसव्या गोष्टी असतात, त्या लक्षात ठेवा. एक म्हणजे सकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोन रात्रीपर्यंत यादीत राहू शकतो, कारण राउटर पत्ता काही तासांसाठी देऊन ठेवतो. दुसरी म्हणजे नव्या फोनांचं खरं नाव किंवा खरा पत्ता बऱ्याचदा दिसत नाही, ते खासगीपणासाठी बनावट पत्ता दाखवतात. म्हणून नावांच्या मागे लागू नका, आकडा मोजा. घरातली सगळी यंत्रं वाय-फायवरून सोडवा, ज्या फोनवर पान बघताय तो एक ठेवा. मग अर्ध्या तासाने यादी पाहा. तरी कुणी डेटा वापरत असेल, तर तो बाहेरचा.

त्या बाईंकडे भावजयीचा मुलगा दुपारी चारलाच मोठे गेम उतरवून घ्यायचा. पासवर्ड बदलल्यावर क्लास सुरळीत झाला. पण दरवेळी असंच होतं असं मी म्हणणार नाही, त्याकडे पुढे येते.

बदलण्याचं पान Wireless किंवा Wi-Fi या नावाखाली असतं आणि त्यात Wireless Security असा भाग असतो. तिथे सुरक्षेचा प्रकार WPA2-PSK निवडा. WPA3 असेल तर तो नवा आणि जास्त चांगला आहे, पण घरात जुना प्रिंटर किंवा जुना टीव्ही असेल तर तो जोडला जात नाही. WPA2/WPA3 असा मिश्र पर्याय दिसला तर तो घ्या. WEP किंवा Open वर काहीही असलं तरी ते काढाच, ती कुलपं नावालाच असतात. पासवर्डाची चौकट कधी Password, कधी Wireless Key, कधी Pre-Shared Key म्हणून असते. आठ ते त्रेसष्ट अक्षरं चालतात.

पासवर्ड कसा करायचा यावर माझं मत ठाम आहे. टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर टिपून घालावं लागतं, म्हणून @#% यांची गर्दी करू नका, लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहा आणि मधे आडवी रेघ द्या. उदाहरणार्थ topli-vees-jaswand-khidki. हा पंचवीस अक्षरांचा होतो आणि सासूबाईंनाही तोंडपाठ होतो. हाच वापरू नका, तो आता इथे छापला गेला. म्हण, ओवी किंवा आरतीची ओळही नको, ती दुसऱ्यालाही पाठ असते. स्पेलिंग मात्र एकदा ठरवा आणि कागदावर तसंच लिहा, कारण vees की vis यावरून घरात तासभर जाऊ शकतो. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला लावा. मुलाच्या मागच्या भिंतीवर नको, क्लासच्या कॅमेऱ्यात भिंत दिसते. एका मुलाच्या पाठीमागे फ्रिजवर चिकटवलेला पासवर्ड मी स्वतः तासाला वाचला आहे, आणि माझ्याबरोबर चाळीस मुलांनी.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. आजकालचा राउटर बहुधा दोन वाय-फाय देतो, 2.4GHz आणि 5GHz. बऱ्याचदा फोनवर दोन नावं दिसतात, दुसऱ्याच्या शेवटी 5G असतं. राउटरच्या पानावर या दोघांचे पासवर्ड वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. एकाचा बदलला आणि दुसऱ्याचा राहिला, तर काकूंचा फोन जुन्या पासवर्डाने दुसऱ्यावर जोडलेलाच राहतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. दोन्ही बदला, पासवर्ड एकच ठेवलात तरी चालेल. त्याच पानावर WPS दिसलं तर ते बंद करा. त्यात आठ आकडी पिन असते आणि त्या वाटेने लांब पासवर्डही ओलांडता येतो.

Save दाबलं की पान तिथेच अडकेल, गोल फिरत राहील. घाबरू नका. तुमचा फोन जुन्या पासवर्डाने जोडलेला होता, त्याला राउटरने सोडलं, म्हणून पान पुढे जात नाही. दोन मिनिटं थांबा, राउटर बंद करू नका. मग फोनवर नवा पासवर्ड घाला. फोन तो विचारतच नसेल आणि नुसताच 'जोडता येत नाही' म्हणत असेल, तर त्याने जुना धरून ठेवला आहे. वाय-फायच्या नावावर बोट दाबून Forget करा आणि पुन्हा नाव निवडा, मग विचारेल. क्लास ज्या टॅबवर होतो तो सगळ्यात आधी जोडा आणि एक व्हिडिओ लावून बघा. मग लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर. प्रिंटरला बहुतेक वेळा फक्त 2.4GHz चालतं, 5G चं नाव त्याला दिसतच नाही. वाय-फायवरचा कॅमेरा किंवा दिवे असतील तर त्यांच्या अ‍ॅपमधून पुन्हा जोडणी करावी लागते, त्याला जरा वेळ काढून ठेवा.

जाता जाता राउटरमध्ये शिरण्याचा तो दुसरा पासवर्डही admin असेल तर बदला, System किंवा Administration मध्ये सापडेल. तो तसाच ठेवला तर वाय-फायला जोडलेलं कुणीही आत जाऊन तुमचा नवा पासवर्ड वाचू शकतं. हाही त्याच कागदावर लिहा. त्या पानांवर WAN किंवा Internet असं जे आहे तिथे मात्र काही बदलू नका. केबलवाल्याचं खातं तिथेच भरलेलं असतं.

काकूंचं. तुमच्या पत्रात मला जास्त काळजी याचीच दिसली. त्यांना तोंडावर नाही म्हणायची गरज नाही. राउटरच्या पानावर Guest Network असेल तर ते चालू करा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. त्यात Allow guests to access my local network अशी ओळ असेल तर ती बंद ठेवा, म्हणजे त्यांचा फोन तुमच्या प्रिंटर किंवा लॅपटॉपपर्यंत पोहोचणार नाही. ते चार ते सहा बंद ठेवायचं असेल तर काही राउटरमध्ये वेळ लावता येते. वेळ लावता येत नसेल तर बाहेर बोलायला सोपं वाक्य आहे: "काकू, शाळेतून पासवर्ड बदलायला सांगितलंय, मुलाच्या क्लासच्या वेळी अडकतं. सहानंतर पाहिजे तेव्हा सांगा, मी पाहुण्यांच्या वाय-फायला जोडून देते." आणि पासवर्ड सांगू नका, त्यांच्या फोनवर स्वतः घाला. सासूबाईंनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या प्रेमाने नवाही देतील. घरातल्या वडीलधाऱ्यांना यात चूक वाटत नाही, साखर मागितली की देतात तसं देतात. त्यांना एवढंच सांगा की हे जो वापरतो त्याने काही गैर केलं, तर पहिली चौकशी आपल्या घरी येते, कारण कनेक्शन आपल्या नावावर आहे.

पासवर्ड बदलूनही क्लास अडकला तर मग शेजारी नाही, कारण दुसरं आहे. गटातल्या व्हिडिओ क्लासला साधारण एक एमबीपीएस वेग पुरतो, म्हणजे छोटा प्लॅनही पुरेसा असतो. एक दिवस चार वाजता मुलाला राउटर असलेल्या खोलीतच बसवा. तिथे नीट चाललं आणि आतल्या खोलीत अडकलं, तर दोष भिंतींचा. 5G चं वाय-फाय वेगवान असतं पण भिंत ओलांडताना लवकर दमतं, आतल्या खोलीत 2.4GHz वर जोडून बघा. राउटरशेजारीही अडकत असेल तर त्याच वेळी घरात टीव्हीवर किंवा फोनवर काय चाललंय ते पाहा. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत असतील, तर वर जाणारी वाट त्यातच भरते. मुलाचा आवाज बाईंना तुटक जातो आणि त्याला मात्र बाई स्पष्ट ऐकू येतात, ही त्याची खूण. तेही नसेल तर केबलवाल्याला चार वाजताच फोन करा, सकाळी नाही, म्हणजे त्याला त्याच्या बाजूने त्या वेळची लाइन तपासता येईल.

पहिल्यांदा करताना अर्धा-पाऊण तास लागेल. कुठे अडलात तर पानावर जे नाव दिसतंय ते अक्षरशः लिहून पाठवा, राउटरच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नावही लिहा. स्टिकरचा फोटो मात्र मलाही पाठवू नका.